हिरवा गाळ, पिवळं पाणी: क्रोमियमचा स्लज पुरण्याआधी त्याचं काय करतात

नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत क्रोमियम नवं नाही. अंबड-सातपूरला प्लेटिंगची छोटी-मोठी युनिट आहेत, जिल्ह्यात मालेगावला कापडाची रंगाई आहे, आणि प्रत्येक ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, शेवटी फिल्टर प्रेसमधून दाबलेल्या गाळाचा ओला केक पडतो. चामड्याचे मोठे कारखाने मात्र आपल्याकडे नाहीत. ते कानपूरच्या जाजमऊला, तमिळनाडूत राणीपेट-वाणियंबाडीकडे, कोलकात्याजवळ बानतळ्याला. तरीही क्रोमचा स्लज समजून घ्यायचा तर चामड्यापासूनच सुरुवात करावी, कारण त्या गाळात या विषयातली जवळजवळ सगळी गुंतागुंत एका जागी सापडते. रंगाईचा गाळ त्याच गुंतागुंतीत स्वतःची भर घालतो.

कातडं कमावताना त्याच्या वजनाच्या साधारण 8 टक्के बेसिक क्रोमियम सल्फेट वापरतात. ते कातड्यातल्या प्रथिनांना धरून बसतं आणि कातडं कुजायचं थांबतं. पण दिलेलं सगळं क्रोम कातडं घेत नाही. नेहमीच्या पद्धतीत 60 ते 70 टक्के आत जातं, उरलेलं पाण्याबरोबर बाहेर येतं. ईटीपीत त्या पाण्यात चुना टाकला की क्रोमचा हिरवट-राखाडी हायड्रॉक्साइड खाली बसतो, आणि त्याच्याबरोबर केस, चरबी, प्रथिनं, सल्फाइड हेही बसतं. प्रेसमधून निघतो तो केक म्हणजे हे सगळं मिश्रण, आणि दाबून काढल्यावरही त्यात दोन तृतीयांश पाणीच असतं.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. क्रोमियम दोन रूपांत भेटतं. एक ट्रायव्हॅलंट, म्हणजे तीन-संयुजी. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं ‘ट्राय’ म्हणतो. दुसरं हेक्झाव्हॅलंट, सहा-संयुजी, म्हणजे ‘हेक्झा’. ट्राय हिरवं, आळशी, पाण्यात फारसं न विरघळणारं. हेक्झा पिवळं, पाण्यात सहज विरघळणारं, मातीत न अडकता विहिरीपर्यंत जाणारं, आणि कर्करोगाला कारण ठरणारं. चामडं कमावायला वापरतात ते ट्राय. त्यामुळे “आमच्या गाळात हेक्झा नाहीच” असं कारखानदार सांगतात तेव्हा गाळ बाहेर पडला त्या दिवसापुरतं ते बहुतेक वेळा खरं असतं. पुढे त्या गाळाचं काय केलं जातं, त्यावर ते खरं राहणं अवलंबून.

राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात लाखाहून जास्त टन कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडून होता, आणि आसपासचं भूजल पिवळं झालं. तो कचरा चामड्याच्या गाळाचा नव्हता, क्रोमाइट खनिजापासून रसायन बनवताना उरलेला होता, आणि त्यात हेक्झा मुळातच भरपूर होतं. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून हे सांगितलं. चामड्याचा गाळ तसा नसतो. पण हलगर्जीपणा केला तर तोही त्या दिशेने सरकू शकतो.

सरकतो कसा ते पाहू. ट्रायचं हेक्झा व्हायला दोन गोष्टी लागतात: ऑक्सिजन देणारं काहीतरी, आणि शक्यतो अल्कधर्मी वातावरण. नुसत्या हवेने, नेहमीच्या तापमानाला, हे फार हळू होतं. चुना घातलेला गाळ तापवला तर वेग वाढतो. भट्टीत हवा देऊन जाळला तर राखेत कॅल्शियम क्रोमेट तयार होतं, म्हणजे थेट हेक्झा. त्यामुळे “वजन कमी होईल, जाळून टाकू” हा सल्ला क्रोमच्या गाळाला लागू पडत नाही.

तापवल्याशिवायही एक चोरवाट आहे, आणि तिथेच कापडाचा गाळ येतो. कापड रंगवण्याआधी ते ब्लीच करतात, हायपोक्लोराइटने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने. अल्कधर्मी पाण्यात ही दोन्ही रसायनं ट्रायला झटकन हेक्झा करतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत क्रोमियम ओळखायला पेरॉक्साइड वापरतात ते यामुळेच. ब्लीचचं शिल्लक पाणी आणि क्रोमचा गाळ एकाच टाकीत गेले की हिरवट गाळावरचं पाणी पिवळं दिसायला लागतं. हा पिवळा रंग ओळखायला शिकलात तर अर्धं काम झालं. एखाद्या टाकीत असा रंग दिसला की आम्ही आधी स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवतो. ती निळी-काळी झाली तर पाण्यात ऑक्सिडायझर शिल्लक आहे, म्हणजे नवं हेक्झा अजून तयार होतंय. मग त्याच पाण्याचे काही थेंब आम्लात घेऊन डायफिनाइलकार्बाझाइड घालतो. हेक्झा असेल तर किरमिजी-जांभळा रंग चढतो, आणि त्याची तीव्रता 540 नॅनोमीटरला मोजली की आकडा मिळतो. नमुना मुळातच रंगाईच्या रंगीत पाण्याचा असेल तर हा रंग फसवू शकतो, म्हणून अभिकर्मक न घातलेला कोरा नमुना शेजारी ठेवावाच लागतो.

आता एक टन केक घेऊन हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते धरलेत, पण अशा गाळात सहज आढळतात तसेच. एक टन केकमध्ये 30 टक्के कोरडा भाग, म्हणजे 300 किलो. त्यात 2 टक्के क्रोमियम, म्हणजे 6 किलो. ओल्या केकच्या किलोमागे 6,000 मिलिग्रॅम झालं.

हा गाळ पुरता येईल का, हे टीसीएलपी नावाच्या चाचणीने बघतात. नमुना 9.5 मिलिमीटरहून बारीक करून घेतात. 100 ग्रॅम नमुन्याला 2 लिटर, म्हणजे वजनाच्या 20 पट, सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल घालतात, बाटली 30 फेरे मिनिटाच्या वेगाने 18 तास फिरवतात आणि गाळून अर्कातलं क्रोमियम मोजतात. मर्यादा आहे लिटरला 5 मिलिग्रॅम. अ‍ॅसेटिक आम्लच का? कारण ही चाचणी अमेरिकेत बसवली ती या कल्पनेवर, की विषारी कचरा घरगुती ओल्या कचऱ्याबरोबर पुरला गेला आणि सडणाऱ्या कचऱ्यातून आंबट पाणी सुटलं तर काय होईल. कारखान्याचा गाळ घंटागाडीत टाकून पाथर्डीच्या खत प्रकल्पावर पाठवला, तर नेमकं तेच होईल.

आपल्या नमुन्यातलं सगळं क्रोमियम सुटलं, तर 100 ग्रॅममधले 600 मिलिग्रॅम 2 लिटरमध्ये येतील, म्हणजे लिटरला 300. मर्यादा 5. याचा अर्थ साधारण 1.7 टक्क्यांहून जास्त क्रोमियम सुटता कामा नये. क्रोमियम किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात अडकलंय हे महत्त्वाचं, ते यामुळे. आणि स्थिरीकरण म्हणजे हे अडकवणंच. त्यात क्रोमियम नाहीसं होत नाही. टनातले 6 किलो शेवटपर्यंत 6 किलोच राहतात.

पहिलं काम हेक्झा मारण्याचं. समजा आपल्या 6 किलोतला 1 टक्का हेक्झा झालाय, म्हणजे 60 ग्रॅम. टीसीएलपीत तो सगळा सुटला तरी लिटरला 3 मिलिग्रॅम येतील, म्हणजे बाकी काही न सुटल्यास नमुना चक्क पास! पण आपल्याकडे लँडफिलला, म्हणजे असा कचरा पुरायच्या खड्ड्याला, आणखी एक निकष आहे: साध्या पाण्याने, दहापट पाणी घेऊन, काढलेल्या अर्कात हेक्झा लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या आत हवं. तिथे हाच नमुना लिटरला 6 दाखवेल, बारा पट. हेक्झाला विरघळायला आम्ल लागत नाही, साधं पाणी पुरतं. टीसीएलपीचा एकच आकडा दाखवून “पास आहे” म्हणणाऱ्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही, तो याच कारणाने.

हेक्झाचं परत ट्राय करायला सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे हिराकस, फेरस सल्फेट. एका हेक्झाला तीन फेरस लागतात. वजनात मांडलं तर एक किलो हेक्झाला सुमारे 16 किलो हिराकस. आपल्या 60 ग्रॅमला जेमतेम एक किलो. प्रत्यक्षात तेवढ्याने भागत नाही, कारण हिराकस हवेतला ऑक्सिजनही खातं आणि गाळातलं शिल्लक ब्लीचही. म्हणून हिशेबाच्या दोन-तीन पट घालतात आणि मिसळल्यावर पुन्हा जांभळ्या रंगाची चाचणी करतात. हिराकसच्या पोत्यात हात घालून बघावं. ताजे खडे फिकट निळसर-हिरवे असतात. वर तपकिरी-पिवळा थर चढला असेल तर तेवढं लोखंड आधीच फेरिक झालंय, त्याने काहीच होणार नाही. पावसाळ्यात उघडं पडलेलं पोतं हे स्थिरीकरण फसण्याचं अगदी फुटकळ, पण नेहमीचं कारण.

क्रम महत्त्वाचा. आधी हिराकस, नीट घोटून, हेक्झा गेल्याची खात्री, मगच सिमेंट. एकदम सगळं टाकलं तर सिमेंटने सामू 12 च्या वर जातो आणि तिथे हवा हिराकसचा फडशा झपाट्याने पाडते. सिमेंटमध्ये स्वतःचंही थोडं हेक्झा असतं, कारण सिमेंटची भट्टी म्हणजे उष्णता, हवा आणि चुना, तिन्ही एकत्र. युरोपात ते 2 पीपीएमच्या आत ठेवायची सक्ती आहे, गवंड्यांच्या हाताला होणाऱ्या इसबामुळे.

दुसरं काम, उरलेलं ट्राय बसवून ठेवण्याचं. क्रोमियम हायड्रॉक्साइड सामू 8.5 ते 9 च्या आसपास सर्वात कमी विरघळतो. सामू 5 च्या खाली गेला की सुटायला लागतो, आणि 11-12 च्या वर गेला की दुसऱ्या रूपात पुन्हा सुटू लागतो. म्हणजे चुना जितका जास्त तितकं चांगलं, हा समज चुकीचा आहे. सिमेंटमध्ये सामू वर असला तरी कॅल्शियम आणि सिलिकेट क्रोमला बांधून ठेवतात, म्हणून सिमेंट चालतं. नुसता चुना मात्र तसा हात देत नाही. लोखंड सोबत असेल तर आणखी बरं: लोखंड आणि क्रोम यांचा एकत्र बसलेला हायड्रॉक्साइड नुसत्या क्रोमच्या हायड्रॉक्साइडपेक्षा कमी विरघळतो. हिराकस हेक्झा मारून झाल्यावरही असं उपयोगी पडतं.

मग बाइंडर, म्हणजे गाळ बांधून घट्ट करणारी पूड. आपल्या एक टनाला 150 किलो सिमेंट आणि 250 किलो फ्लाय अ‍ॅश, असं धरू. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ असल्याने राख आपल्याकडे माहितीची आहे. ती पाणी शोषते, चुन्याशी सावकाश जुळते आणि मिश्रण घट्ट करते. मोठ्या प्रक्रिया केंद्रावर हे सगळं काँक्रीटच्या खड्ड्यात पोकलेनने घोटतात, आणि बारकाईने काम करणारं केंद्र आधी लॅबमध्ये डब्याएवढ्या नमुन्यांवर तीन-चार प्रमाणं करून बघतं. खड्ड्यातल्या कामाचा नेहमीचा दोष म्हणजे कोपऱ्यांत न मिसळलेले गोळे. वरून करडं, फोडलं तर आत ओलं हिरवं. नमुना घेणारा वरवरचं उचलतो आणि रिपोर्ट छान येतो.

इथे आकड्यांची एक गंमत पाहा. एक टनाचं 1.4 टन झालं. क्रोमियम तेवढंच, वजन जास्त. त्यामुळे सगळं सुटलं असतं तरी टीसीएलपीत 300 ऐवजी 214 आलं असतं, काहीही न बांधता. ताकात पाणी घातल्यासारखं. बाइंडरने खरंच बांधलं का, हे बघायचं तर आधीच्या आणि नंतरच्या अर्कातल्या आकड्यांतून हा पातळ होण्याचा हिशेब वजा करूनच बघायला हवं.

दुसरी लबाडी अधिक सूक्ष्म आहे. टीसीएलपीच्या 20 पट आम्लात एक किलो नमुन्यामागे जेवढं आम्ल असतं, ते सारं मारायला साधारण 56 ग्रॅम चुना पुरतो, म्हणजे साडेपाच टक्के. सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त भाग कॅल्शियम ऑक्साइडचाच असतो. भरपूर सिमेंट-चुना घातलेल्या नमुन्याने बाटलीतलं आम्ल खाऊन टाकलं आणि अर्काचा सामू 9 वर स्थिरावला, तर क्रोम नेमकं तिथेच सगळ्यात कमी विरघळतं. नमुना झकास पास होतो. पुढे वर्षानुवर्षं पाणी झिरपून आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून ती अल्कता ओसरली तर काय, हे ही चाचणी सांगत नाही.

आता रंगाईचा गाळ. त्यात क्रोम असेलच असं नाही. लोकर रंगवताना रंग धाग्याला पक्का धरायला क्रोम मॉर्डंट वापरतात, काही रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत तांबं बांधलेलं असतं. पण सुती कापडाच्या बहुतेक गाळात मुख्य भाग फेरस किंवा तुरटी, चुना आणि त्यांनी धरून खाली आणलेला रंग हाच असतो. अडचण वेगळीच आहे: तो सिमेंटला नीट बसू देत नाही. रंग आणि त्याबरोबरची सेंद्रिय रसायनं सिमेंटच्या कणांवर थर धरतात आणि सेटिंग लांबतं. चामड्याच्या गाळातली प्रथिनं-चरबीही तेच करतात, शिवाय फॉर्मेटसारखी मास्किंग रसायनं क्रोमला विरघळलेलंच धरून ठेवतात, मग सामू योग्य असूनही अर्कात क्रोम दिसत राहतं. रंगाईत मीठ आणि ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, ढिगाने वापरतात. ते सल्फेट सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी जुळून एट्रिंजाइट तयार करतं, जे फुगतं. सुरुवातीला कडक झालेला गोळा काही महिन्यांनी तडकतो, आणि तडकला की पाण्याला आत शिरायला नवे रस्ते मिळतात. उपाय साधे आहेत: प्रेसवरच केक धुऊन मीठ कमी करणं, आणि सिमेंट कमी करून लोखंडाच्या भट्टीची स्लॅग वाढवणं. गाळाचं उष्णतामूल्य किलोला 2,500 किलोकॅलरीच्या वर असेल तर तो लँडफिलला घेतच नाहीत. तो इन्सिनरेटरकडे किंवा सिमेंट भट्टीत इंधन म्हणून जातो. क्रोमचा गाळ मात्र भट्टीत पाठवताना वर सांगितलेली भीती असते.

मालेगावच्या एका रंगाईवाल्यांनी मला विचारलं होतं, “साहेब, सिमेंट घालायचंच आहे तर आम्हीच विटा पाडू की, तुमच्याकडे कशाला पाठवायचं?” प्रश्न चुकीचा नाही. पण विटेची ताकद आणि रसायन बांधलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लँडफिलच्या गोळ्याला ताकद लागते ती वरचा ढीग पेलण्यापुरती. अमेरिकेतला जुना ठोकताळा 50 पीएसआयचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम साडेतीन किलो. वीट त्याच्या कित्येक पट कडक असूनही क्रोम सोडू शकते, आणि ती घराच्या भिंतीत गेली की तिच्यावर कोणाची नजर राहत नाही. शिवाय कायद्याने, घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे, रासायनिक गाळ ईटीपीतून निघाला की त्याची नोंद, 90 दिवसांची साठवणमर्यादा आणि गाडीसोबत जाणारा मॅनिफेस्टचा कागद हे सगळं लागतं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे तो घेणारी केंद्रं आहेत.

तिथे गेटवर गाडी थांबते तेव्हा फिंगरप्रिंट चाचणी होते: सामू, रंग, ओलावा, आणि आलेला माल आधी पाठवलेल्या नमुन्यासारखाच आहे का. त्यात मला आवडते ती पेंट फिल्टर चाचणी, कारण ती कुणालाही करता येते. रंग गाळायची 60 मेशची कागदी शंकू-गाळणी, त्यात 100 ग्रॅम गाळ, पाच मिनिटं. खाली एक थेंब पडला तरी त्या मालात मोकळं पाणी आहे आणि तो तसाच पुरता येत नाही. प्रेसची कापडं जुनी झालेल्या कारखान्यांचा माल इथेच अडकतो, कारण ती कापडं दाब धरत नाहीत.

पास झालेला गोळा जातो प्लास्टिकच्या जाड अस्तराच्या आणि दाबलेल्या चिकणमातीच्या थराच्या खड्ड्यात, खाली झिरपा गोळा करायची नळी, वर पावसापासून झाकण. खड्डा भरल्यावरही 30 वर्षं आजूबाजूच्या बोअरवेलचं पाणी तपासत राहावं लागतं. ट्रायचं हेक्झा होणं सावकाश चालतं, आणि 18 तासांच्या बाटलीत ते दिसत नाही. दिसलं तर या विहिरींतच दिसेल.

तुमच्या कारखान्याचा रिपोर्ट हातात आला तर पास-नापासच्या शिक्क्याआधी तीन ओळी शोधा. टीसीएलपीच्या अर्काचा शेवटचा सामू किती होता. पाण्याच्या अर्कातलं हेक्झा वेगळं दिलंय का. आणि बाइंडर किती घातलं, म्हणजे पातळ होण्याचा हिशेब तुम्हाला स्वतः करता येईल. यातली एखादी ओळ नसली तर लॅबला फोन करून मागा. पहिली तर लॅबच्या वहीत बहुतेक असतेच, फक्त रिपोर्टवर छापलेली नसते.